शब्दचर्चा: ‘गळ्याभोवती टाके सारखे उचलावे’ यातलं ‘सारखे’ म्हणजे कसे?

वरूडची सून:
आमच्या आतेसासूबाईंची विणकामाची जुनी वही घरात आहे. त्यात चार वर्षांच्या मुलाच्या बंद गळ्याच्या स्वेटरची कृती आहे. पुढचा आणि मागचा भाग कसा विणायचा ते टाक्याटाक्यानं लिहिलंय, पण गळपट्टीला एकच ओळ: ‘गळ्याभोवती टाके सारखे उचलावे व दोन सुलट दोन उलट आठ ओळी विणाव्या.’ किती उचलावे त्याचा आकडा नाही. सासूबाई म्हणतात, सारखे म्हणजे न सोडता, प्रत्येक ओळीतून एक. जाऊबाई म्हणतात, सारखे म्हणजे डावीकडं तेवढेच उजवीकडं, आणि त्या काठाच्या साखळीच्या प्रत्येक कडीतून एक उचलतात. दोघींनी एकेक स्वेटर विणला. एकीची गळपट्टी खांद्यापाशी फुलून उभी राहिली, दुसरीच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी चुण्या पडल्या. आता तिसरा स्वेटर माझ्याकडं आलाय. या वाक्यात ‘सारखे’चा नेमका अर्थ कोणता धरायचा?

शेवगा_अचलपूर:
टाका उचलणं सोपं आहे. सुईवरून निसटला की खाली शिडी पडत जाते. क्रोशाची सुई खालच्या फाशात घालायची आणि वरचा एकेक आडवा धागा तिच्यातून ओढत वर यायचं. उलट बाजूनं करू नका, गाठी दिसतात.

वरूडची सून:
तो पडलेला टाका उचलणं झालं. माझा प्रश्न गळा विणून झाल्यावर पट्टीसाठी काठातून नवे टाके काढण्याचा आहे. क्रियापद दोन्हीकडं ‘उचलणे’च, म्हणून घोळ होतो.

आर्वीकर:
इथं ‘सारखे’ म्हणजे समान अंतरावर. नियमही ठरलेला आहे: चार जागांतून तीन उचलायचे, चौथी सोडायची. गळ्याभोवती सगळीकडं हेच करत जा, पट्टी सपाट बसेल.

गोठणगाव रोड:
आमच्या बाजूला तिबेटी वसाहत आहे. थंडीत त्यांच्याकडचे स्वेटर घेतो. त्यांची गळपट्टी एकदम सरळ असते, कुठं फुगत नाही. ते लोक काय म्हणतात यालाच?

लोकरवाली काकू:
विक्रीला येणारे बहुतेक स्वेटर मशीनवरचे असतात. त्यात पट्टी वेगळी विणून जोडयंत्रावर गळ्याला लावलेली असते, तिथं टाके उचलण्याचा प्रश्नच नसतो. हातच्या स्वेटरशी ताडून बघू नका.

आर्वीकर, तुमचं चारातले तीन बरोबर आहे, पण ‘सगळीकडं’ नाही. गळ्याच्या काठावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुढे मधोमध आणि मागे टाके बंद केलेले असतात, तिथं टाक्याच्या डोक्यावर टाका येतो. जुन्या एका टाक्याला नवा एक, तिथं काही सोडायचं नाही. सोडलं तर पुढचा गळा आवळतो. बाजूंना मात्र आपण ओळींच्या टोकांवरून चालत असतो, आणि ओळीची उंची टाक्याच्या रुंदीपेक्षा कमी असते. साध्या सुलट विणीत दहा सेंटिमीटरमध्ये समजा २२ टाके बसतात, तर ओळी ३० च्या आसपास भरतात. म्हणजे चार ओळींच्या उंचीत साधारण तीनच टाके मावतात. सासूबाईंनी चार कोंबले, म्हणून फुललं.

साखळीची गंमत वेगळी. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवला की काठाला सुबक साखळी येते, पण तिची एक कडी दोन ओळींची असते. कडीला एक टाका म्हणजे चार ओळींत दोनच. जाऊबाईंच्या चुण्या तिथून आल्या.

शब्दाचं म्हणाल तर ‘सारखे’चे तीन अर्थ इथं भांडताहेत. ‘पोर सारखं रडतंय’ मधला सारखं म्हणजे न थांबता, तो सासूबाईंनी घेतला. ‘दोघी बहिणी सारख्या’ मधला जाऊबाईंनी. वहीतला मला ‘निऱ्या सारख्या कर’ मधला वाटतो. तिथं आपण निऱ्या मोजत नाही. कुठं गोळा झालंय, कुठं ओढलंय ते बघून कापड नीट बसवतो.

आर्वीकर:
निऱ्यांचं पटलं. पण चारातले तीन हे माझ्या बहिणीनं वीस स्वेटरांवर वापरलंय आणि सगळे चांगले आहेत.

लोकरवाली काकू:
तिचे गळे खोल आणि बंद केलेला भाग लहान असेल तर फरक जाणवणार नाही. लहान मुलाच्या गळ्यात बंद केलेले टाकेच अर्ध्याहून जास्त असतात, तिथं जाणवतो. वरूडच्या ताई, तुमच्या गळ्याचे आकडे द्या बरं.

वरूडची सून:
आठ नंबरच्या सुईवर विणलंय. तुकडा धुऊन मोजला, दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी. मागे २८ टाके सरळ बंद केले. पुढे मधले १४ बंद, मग दोन्ही बाजूंना दर सुलट ओळीला एक असे सात टाके कमी केले, म्हणजे १४ ओळी. त्यानंतर आठ ओळी सरळ, मग खांदा.

लोकरवाली काकू:
छान, आता बघा. मागचे २८ चे २८. पुढचे मधले १४ चे १४. सरळ आठ ओळींतून सहा. उरला तिरका भाग. तिथं काठ उभाही जातो आणि आडवाही सरकतो, म्हणून तो १४ ओळींच्या नुसत्या उंचीपेक्षा लांब असतो. टेप वळवून मोजलात तर साडेपाच सेंटिमीटरच्या वर भरेल, म्हणजे टाके बारा. चारातले तीन धरले असते तर दहा-अकराच आले असते. म्हणून तिरक्या भागात सातातला एकच सोडायचा. एका बाजूला बारा आणि सहा, अठरा झाले. दोन्ही बाजूंचे ३६. एकूण ७८.

याच गळ्यावर सासूबाईंच्या पद्धतीनं ८६ येतात आणि जाऊबाईंच्या पद्धतीनं ६४. दोघींचा घोळ फक्त बाजूंच्या २२ ओळींतला आहे. मागचा पुढचा सरळ भाग दोघींचा सारखाच आला असेल. बघा बरं तसंच आहे का.

वरूडची सून:
हो, अगदी तसंच! मागून दोन्ही नीट आहेत.

मोर्शीची माय:
अवं बाई, कायले एवढं मोजता. आमच्या इकडे याले टाके नाही म्हनत, फंदे म्हनते, अन् उचलनं नाही, फंदे उठवनं. माही माय तं आकडा मांडतच नव्हती. गयाभोवती पिना लावाची, दोन पिनांत बराबर फंदे उठवाची. पट्टी कधी फुगली नाही तिची.

लोकरवाली काकू:
माय, तुमच्या आईची रीत माझ्या आकडेमोडीपेक्षा बरी आहे, कारण तिरक्या भागाचं गणित पिना आपोआप करतात. ताई, दर पाच सेंटिमीटरला एक सेफ्टीपिन लावा आणि दोन पिनांत अकरा टाके काढा. एकूण काठ ३५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, सात भाग होतील. आकडा ७७-७८ च येईल. फक्त काठ ओढून मोजू नका, टेबलावर सैल पसरून मोजा. गोलाई ताणली की सेंटिमीटर वाढतात आणि टाके फाजील होतात.

सुई कुठं घालायची तेही महत्त्वाचं आहे. बाजूला काठाचा पहिला टाका अख्खा सोडून, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे सुई घाला, त्या आडव्या धाग्याखालून लोकर पुढं ओढून घ्या. काठाच्याच फाशातून काढलं तर तो ढिला होतो आणि पट्टीच्या मुळाशी भोकांची रांग दिसते. बंद केलेल्या भागात वरच्या साखळीतून काढू नका. तिच्या खालच्या टाक्याच्या पोटात सुई घाला, म्हणजे साखळी मागे लपते. उचलायला दहा नंबरची सुई घ्या आणि पट्टीही तिच्यावरच.

अंजनगाव_सुई:
पण कोपऱ्यात, जिथं बंद केलेले टाके संपून तिरका भाग सुरू होतो, तिथं भोक पडतंच. मी त्याच्याच मधून एक जास्तीचा काढते. तरी दिसतं.

लोकरवाली काकू:
भोकातूनच काढला तर भोक मोठंच होतं. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घट्ट जागेतून काढा. जास्तीचा झाला तर पहिल्याच ओळीत शेजारच्याबरोबर एकत्र विणून टाका. किंवा त्या जागचा टाका पहिल्या ओळीत मागच्या धाग्यातून विणा, पीळ बसतो आणि भोक मिटतं.

आर्वीकर:
एक शंका. दोन सुलट दोन उलटला चारानं भाग जायला हवा. ७८ ला जात नाही. ८० करा किंवा ७६.

लोकरवाली काकू:
गोल सुईवर विणत असाल तर बरोबर, ८० घ्या, दोन्ही कोपऱ्यांत एकेक वाढवा. पण जुन्या बायका एक खांदा शिवून दुसरा उघडा ठेवायच्या आणि दोन सरळ सुयांवरच पट्टी विणायच्या. तिथं सुरुवातीला दोन सुलट, शेवटीही दोन सुलट लागतात, म्हणजे चारच्या पटीत दोन जास्त. ७८ म्हणजे १९ चोक ७६ आणि दोन. शिवताना दोन्हीकडचा एकेक टाका आत जातो आणि शिवणीवर दोन सुलटची एक सलग उभी रेघ उरते. आतेसासूबाई ‘आठ ओळी’ म्हणतात, ‘आठ फेरे’ नाही. त्यांनी उघड्या खांद्यानंच विणली असणार.

अंजनगाव_सुई:
ओळ आणि फेरा यात लोक एवढा फरक करत नाहीत. माझी आजी गोल विणूनही ‘ओळ’च म्हणायची. त्यावरून काही ठरत नाही.

मोर्शीची माय:
आमी तं सलाईच म्हनतो. आठ सलाया.

वरूडची सून:
उघड्या खांद्यानं ७८ काढले. तीन ओळी झाल्यावर टेबलावर पसरलं, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे काठाला ना लाट ना चुणी. दोन्ही कोपऱ्यांतलं भोक पीळ देऊन मिटलं. डाव्या बाजूला मात्र १८ ऐवजी १७ च झालेत आणि मागे एक जास्त. उसवू का?

लोकरवाली काकू:
पसरल्यावर दिसत नसेल तर उसवू नका. बंद करताना मात्र आठ नंबरची सुई घ्या आणि हात सैल सोडा, नाहीतर डोकं आत जाणार नाही. त्या वयाच्या मुलाचं डोकं पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि तुमचा गळा ३५ चा आहे. बंद केल्यावर दोन हातांनी ताणून टेप लावून बघा.

आर्वीकर:
बाकी सगळं ठीक, पण काठातून लोकर ओढून नवा टाका काढतात, त्याला ‘उचलणे’ का म्हणायचं? आधीपासून असतं ते उचलतात. ‘काढणे’ बरं.

वरूडची सून:
‘टाके काढणे’ म्हटलं तर आमच्या सासूबाई दवाखान्यात निघतील.

अंजनगाव_सुई:
आमच्याकडं ‘टाके घेणे’ म्हणतात. काठावरून घेतले, एवढंच.