बिल्डरच्या रिडेव्हलपमेंट प्रस्तावाला नाही म्हणायचंय, पण पुढची बोलणी तोडायची नाहीत. पत्र कसं लिहू?

मीनल_तिसरा_मजला
आमची सोसायटी मुंबई उपनगरात, 24 फ्लॅट, कन्व्हेयन्स झालेलं आहे. सेक्रेटरींच्या ओळखीतला एक बिल्डर जनरल बॉडी वगैरे काही न होता संमतीपत्राचे छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरतोय. माझा फ्लॅट करारात 420 फूट कारपेट, तो 30 टक्के जास्त देतो म्हणतो म्हणजे 546, आणि भाडं 24 महिन्यांचं. बिल्डिंग गळतेय, रिडेव्हलपमेंट कधीतरी करावीच लागणार हे मला मान्य आहे, फक्त हा प्रस्ताव असा नको. नाही पण म्हणायचंय आणि उद्या नीट प्रस्ताव आला तर बसून बोलता पण आलं पाहिजे. कुणी असं पत्र दिलंय का? वकिलावर 5000 च्या वर खर्च करणार नाही हे आधीच सांगते.

काका_चौदावा_माळा
आमचं 2014 ला झालं, आज चौदाव्या माळ्यावर बसून हे लिहितोय, दोन गाड्यांचं पार्किंग. आम्ही सुरुवातीलाच मोठा वकील लावला, फी दीड लाख गेली पण बिल्डर सरळ झाला. पाच हजारात वकील फोन पण उचलणार नाही मॅडम. चांगला वकील करा एवढंच सांगेन.

सँडी
काही पत्रबित्र लागत नाही. 75 टक्के संमती लागते, तुमच्या 24 मधले सात जण जमवा आणि नाही म्हणा, खेळ खल्लास.

पागडीवाला
आमच्याकडे तर मालकच ऐकत नाही, भाडेकरूंनी सगळे कागद दिले तरी. तुम्ही मालकाशी आधी बोललात का?

सँडी
अहो त्यांची सोसायटी आहे, पागडी नाही.

नेने_साइटवरचे
सँडी, 75 जुनं झालं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचा 4 जुलै 2019 चा जीआर आहे त्यात एकूण सभासदांच्या 51 टक्के आहे, म्हणजे 24 मध्ये 13. सात काय, अकरा जण नाही म्हणाले तरी ठराव होऊ शकतो, म्हणून आकड्यांच्या जोरावर अडवायचा विचार मीनलताईंनी सोडूनच द्यावा.

मी बरीच वर्षं सोसायट्यांच्या बाजूने कन्सल्टंटचं काम केलंय. घरोघर गोळा केलेले फॉर्म म्हणजे बिल्डरची निवड नव्हे. निवड खास जनरल बॉडीत होते, दोन तृतीयांश कोरम, रजिस्ट्रारचा माणूस हजर, शूटिंग होतं. त्याआधी सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट काढायचा, मग टेंडर. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं नाही, आणि नकाराचं कारण म्हणून एवढं पुरेसं आहे. यात बिल्डर वाईट आहे असं कुठेही म्हणावं लागत नाही, त्यामुळे उद्या तोच टेंडरमधून आला तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

पत्र सेक्रेटरींच्या नावे सोसायटीला द्यायचं. बिल्डरला नाही, त्याच्याशी तुमचा अजून संबंधच नाही, त्याला लिहिलं की ती तुमची वैयक्तिक बोलणी होतात. आणि "मी कधीच जागा सोडणार नाही" असलं वाक्य चुकून पण नको. बहुमताचा ठराव झाल्यावर अडून बसलेल्यांच्या विरोधात हायकोर्ट बहुतेक वेळा जागा खाली करायचे आदेश देतं, तिथे तुमचं असलं पत्र आडमुठेपणाचा पुरावा म्हणून वाचून दाखवतील.

आकडा पण लिहू नका. "45 टक्के दिले तर तयार" लिहिलंत की ती अटीवरची संमतीच झाली, तो कुठल्यातरी हिशोबाने 45 करून दाखवेल आणि तुम्ही अडकलात. त्याऐवजी प्रश्न विचारा. 546 हे कुठलं कारपेट? 24 महिन्यांनंतर काम रखडलं तर भाडं कोण देणार? प्रोजेक्ट खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी देणार का?

काका_चौदावा_माळा
कारपेट म्हणजे कारपेट, त्यात कुठलं काय.

नेने_साइटवरचे
काका, तुमचा करार रेराच्या आधीचा. रेरा कारपेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, जुन्या करारातल्या 420 मध्ये बहुतेक धरलेल्या नसतात. या आकाराच्या घरात वीस-पंचवीस फूट भिंतीतच जातात. तो 126 वाढ म्हणतोय, पायाखाली येईल शंभरच्या आसपास.

काका_चौदावा_माळा
आमच्याकडे मोजून घेतलं होतं सगळं. वकिलानेच.

वैतागलेली_सासुरवाशीण
पत्र द्याच, उगाच गप्प बसू नका. आमच्याकडे सासरे मीटिंगला गेले, हजेरीच्या कागदावर सही केली, चहा पिऊन आले, नंतर मिनिट्समध्ये आलं "सर्वानुमते मंजूर". आता विचारलं तर म्हणतात तुमची सही आहे की. कागदाच्या वर काय छापलंय ते बघून सही करा, आणि मिनिट्सचा ड्राफ्ट आला की मुदतीत लेखी हरकत घ्या. त्या फॉर्मवर इर्रिव्होकेबल, म्हणजे संमती परत घेता येणार नाही, असा शब्द आहे का ते पण बघा, आमच्या फॉर्मवर होता, बारीक अक्षरात.

सँडी
मी पण तेच म्हणतोय, सही करू नका. आणि पार्किंग आधी मागा, पार्किंगवरूनच सगळी भांडणं होतात.

मीनल_तिसरा_मजला
आत्ताच फॉर्म काढून बघितला, इर्रिव्होकेबल आहे 😐 शेवटून दुसरी ओळ. नेनेकाका, खूप आभार. हा मसुदा केलाय:

"मा. सचिव, श्री. अमुक यांचा पुनर्विकासाचा प्रस्ताव सध्याच्या स्वरूपात मला मान्य नाही व त्यासंबंधी कोणत्याही संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. पुनर्विकासाला माझा तत्त्वतः विरोध नाही. संस्थेने सल्लागार नेमून, फिजिबिलिटी रिपोर्ट घेऊन व निविदा मागवून सभेपुढे विषय आणल्यास सदर विकासकासह कोणाच्याही प्रस्तावावर मी विचार करेन. तोपर्यंत क्षेत्रफळाची मोजणी, मुदतीनंतरचे भाडे व बँक गॅरंटी यांबाबत लेखी खुलासा मिळावा. हे पत्र माझ्या कोणत्याही हक्कास बाधा न आणता दिले आहे."

नेने_साइटवरचे
छान आहे. फक्त "विचार करेन" ऐवजी "सभेत विचार करेन" लिहा, नाहीतर तो परत दारात येईल. दोन प्रती न्या, एकीवर तारीख शिक्क्यासकट पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेल पण करा.

काका_चौदावा_माळा
एकदा वकिलाला दाखवा तरी.

मीनल_तिसरा_मजला
वकिलाला नाही दाखवत काका. "सभेत" घातलं. पण बिल्डरला मात्र प्रत देणार आहे मी, नेनेकाका नको म्हणाले तरी. तो दर रविवारी येतो आणि सेक्रेटरी त्याला सांगतात तिसऱ्या मजल्यावरच्या विचार करतायत, हे मला बंद करायचंय. त्याला फक्त "माहितीसाठी प्रत", वेगळं पत्र नाही.

नेने_साइटवरचे
मी दिली नसती. बघा, तुमच्या बिल्डिंगमधली माणसं तुम्हालाच माहीत. निदान त्याच्याकडून उत्तर आलं तर त्याला परस्पर लिहू नका, सोसायटीमार्फतच.

वैतागलेली_सासुरवाशीण
मीनल, तुमच्या शेजारच्यांनी सही केली का? आमच्याकडे तेरावी सही शेजारच्यांचीच होती.

मीनल_तिसरा_मजला
केली म्हणतात. कितवी ते सेक्रेटरी सांगत नाहीत.