उत्तर: १५एच उशिरा दिला, कापलेला टीडीएस परत कसा मिळेल?

> आईने २०२५-२६ चा १५एच जुलैत दिला, पण बँकेने जूनमध्येच ४००० कापले होते. मॅनेजर म्हणतात परत देता येणार नाहीत.

मॅनेजर बरोबर बोलतायत, एकदा का ती रक्कम आईच्या पॅनवर सरकारकडे भरली गेली की बँकेच्या हातात काही उरत नाही, १५एच म्हणजे ज्येष्ठांनी ‘टीडीएस कापू नका’ म्हणून द्यायचा फॉर्म, तो फक्त पुढची कपात थांबवतो, मागची नाही. पैसे मिळतील ते रिटर्न भरूनच. समजा वर्षाचं व्याज १,६०,००० आणि पेन्शन ३ लाख, म्हणजे ४,६०,००० झाले, नवीन पद्धतीत ८७ए ची सूट धरून टॅक्स शून्य, मग ते ४००० सगळे रिफंड.

भरण्याआधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता, उघडून ते ४००० दिसतायत का बघा, दिसत नसतील तर बँकेला टीडीएस रिटर्न दुरुस्त करायला लावा, नाहीतर रिफंड अडकतो. एफडी जॉइंट असेल तर कपात पहिल्या नावाच्या पॅनवर जाते, बाबांचं नाव आधी असेल तर आईच्या १५एच चा तिथे उपयोगच नाही! आणि रिटर्नमध्ये व्याज पूर्ण १,६०,००० दाखवायचं, टीडीएस कापून हातात आलेलं नाही, इथे बरेच जण गडबडतात.

रिफंडसाठीचा अकाउंट पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा. १५एच दरवर्षी नवीन लागतो आणि प्रत्येक बँकेत वेगळा, एप्रिलमध्येच देऊन पोच घ्या, कारण ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखाच्या वर व्याज होणार असं दिसलं की सिस्टीम पहिल्याच तिमाहीत १० टक्के कापून मोकळी होते.