गोल टाकीत पाव उंची म्हणजे पाव टाकी नव्हे

> भोसरीच्या वर्कशॉपमधल्या चेंडूसारख्या गोल टाकीचा व्यास २ मीटर आहे. डिपस्टिक ५० सेंमी दाखवते, म्हणजे पाव टाकी, हजारेक लिटर धरू का?

नका धरू, साडेसहाशेच निघतील. व्यास D धरला तर पूर्ण क्षमता πD³/6, म्हणजे सुमारे ४,१८९ लिटर. तळापासून h उंचीपर्यंतच्या द्रवासाठी सूत्र असं:

```
V = πh²(3R − h)/3
```

त्रिज्या R = १ आणि h = ०.५ मीटर घातलं की ०.६५४ घनमीटर येतं, म्हणजे ६५४ लिटर, जेमतेम १६ टक्के. पुढच्या ५० सेंमीत मात्र तब्बल १,४४० लिटर मावतात, कारण मध्याकडे द्रवाचा पृष्ठभाग रुंदावत जातो. मध्यावर १ सेंमी म्हणजे ३१ लिटर, तळापासून १० सेंमीवर जेमतेम ६. त्यामुळे काठीवर समान अंतराच्या लिटरच्या खुणा करूच नका. दर ५ सेंमीला सूत्राने आकडा काढून तोच कोरा. अर्ध्याच्या वर भरताना जास्त सांभाळा. तिथून पातळी हळूहळू वेग घेते आणि शेवटच्या ५० सेंमीत पुन्हा ६५४ लिटरच मावतात.

व्यास आतला आहे ना, तेवढं बघा. बाहेरून मोजला असेल आणि पत्रा ५ मिमीचा असेल, तर पूर्ण टाकीत साठेक लिटर जास्त दिसतील.