ठिबक अनुदानाची पोस्ट: पात्रता, कागदपत्रं, शेवटची तारीख एवढ्यात भागतं का?

बांधावरचा:
आमच्या गावच्या गटात सरकारी योजनांची माहिती मी टाकतो. ठिबकच्या अनुदानाची पोस्ट केली आहे. पात्रता: स्वतःच्या नावावर सातबारा आणि पाण्याची सोय. कागदपत्रं: आधार, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक. अनुदान 80 टक्के. शेवटची तारीख मात्र कुठे सापडेना. सहा ओळींपेक्षा मोठं कुणी वाचत नाही. एवढी माहिती पुरेशी आहे ना?

गटकृषी:
माझ्या मते नाही. पोस्ट लांब करा असं मी म्हणत नाही, सहा ओळीच ठेवा. पण पहिली ओळ ही हवी: पूर्वसंमती मिळाल्याशिवाय ठिबक विकत घेऊ नका. तुमच्या पोस्टमध्ये नेमकी तीच नाही. या योजनेत अपात्र ठरून बुडणारे थोडे, क्रम चुकल्यामुळे बुडणारे जास्त. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रांची तपासणी, पूर्वसंमती, मग खरेदी आणि बसवणं, बिल अपलोड, जागेवर पाहणी, आणि शेवटी खात्यात पैसे, असा हा रस्ता आहे. तुमची पोस्ट वाचून माणूस म्हणतो, सातबारा आहे, पाणी आहे, म्हणजे मी पात्र. तो दुकानात जातो, लागवड तोंडावर आहे म्हणून संच घेऊन येतो आणि अर्ज नंतर भरतो. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की पुढे काहीच करता येत नाही.

तारखेचंही तसंच. 2025-26 पासून महाडीबीटीवर सोडत बंद झाली, जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य. त्यामुळे सगळ्यांना लागू होईल अशी एकच शेवटची तारीख शोधून मिळणार नाही. प्रत्येकाची तारीख त्याच्या पूर्वसंमतीपासून मोजायची: 30 दिवसांत संच बसवून बिल अपलोड झालं पाहिजे. पोस्टमध्ये तारीख द्यायची तर ही द्या.

काळी माती:
मला हे पटत नाही. गटकृषी म्हणतात ते सगळं खरं, पण ते सांगायला कृषी सहायक आहेत. पोस्टचं काम एवढंच, की माणसाला योजना आहे हे कळावं आणि तो कार्यालयात जावा. "हे करू नका, ते करू नका" असं वरतीच लिहिलं तर आमच्याकडचे निम्मे लोक म्हणतील, फार भानगड आहे, जाऊ दे. माझ्या चुलत्यांनी कुणाच्या तरी चार ओळी वाचूनच अर्ज केला होता.
शिवाय आता फार्मर आयडी आला आहे. तो टाकला की जमिनीची माहिती आपोआप येते. कागदपत्रांची यादी तरी कशाला हवी?

गटकृषी:
फार्मर आयडीमुळे काम हलकं झालं हे बरोबर. पण त्यात जे जोडलेलं आहे तेवढंच दिसतं. आयडी काढल्यानंतर घेतलेला किंवा वाटणीत आलेला गट तुम्ही जोडून घेतला नसेल, तर अर्जात तो येणारच नाही, आणि ठिबक बहुधा त्याच गटात करायचं असतं. विहिरीची किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर ते वेगळं दाखवावं लागतं. सामाईक गट असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. अर्ज अडकतो तो या तीन ठिकाणी, आधार आणि पासबुक तर प्रत्येकाकडे असतंच. म्हणून सरसकट यादीपेक्षा या तीन गोष्टी लिहिल्या तर जास्त उपयोग होईल.
पासबुकाबद्दल एक. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पासबुक एका बँकेचं आणि आधार दुसऱ्याच खात्याला, असं असलं की माणूस भलत्याच खात्यात पैसे शोधत बसतो.

डाळिंबवाला:
मी मागच्या हंगामात फवारणी पंपाचा अर्ज केला होता. अजून "छाननी अंतर्गत"च दाखवतंय. तिथेही 80 टक्केच का?

गटकृषी:
नाही दादा, पंप यांत्रिकीकरणात येतो. ती योजना वेगळी, तिचे दर वेगळे. 80 टक्के फक्त सूक्ष्म सिंचनाचे, तेही सगळ्यांना नाहीत. तुमचा अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर आहे हे तालुका कृषी कार्यालयात अर्ज क्रमांक दिला की कळेल.

सरळ हिशोब:
80 टक्क्यांवरून मला बोलायचंच होतं, कारण गावात भांडणं होतात ती याच आकड्यावरून. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला मूळ योजनेतून 55 टक्के आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25, असे मिळून 80. बाकीच्यांना 45 आणि 30, म्हणजे 75. अल्पभूधारक ठरतो तो एकूण जमिनीवरून, ठिबक किती क्षेत्रावर करता यावरून नाही. सात एकरवाल्याने एका एकरावर ठिबक केलं तरी त्याला 75च.

दुसरं म्हणजे टक्के बिलावर नाही, सरकारच्या मापदंडावर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चावर. समजा एका हेक्टरला मापदंड 1,00,000 धरला आणि तुमचं बिल झालं 1,30,000. अनुदान 80,000. खिशातून 50,000. पोस्ट वाचलेल्या माणसाने मनात 26,000 धरलेले असतात. वरचे 24,000 आणायचे कुठून? आणि मापदंड दोन लॅटरलमधल्या अंतरावर ठरतो. ओळी एकमेकींपासून दूर असल्या की नळी कमी लागते, त्यामुळे फळबागेला रक्कम भाजीपाल्यापेक्षा कमी बसते. म्हणून मी म्हणेन, पोस्टमध्ये टक्केवारी देऊच नका. "तुमच्या अंतराला मापदंड किती ते आधी विचारा" एवढंच लिहा.

काळी माती:
टक्के नाही लिहिले तर पोस्ट उघडणार कोण? 80 टक्के वाचूनच माणूस थांबतो. "बिलावर नव्हे, मापदंडावर" हे तीन शब्द त्याच ओळीत जोडा, झालं.
पण पूर्वसंमतीची ओळ पहिली हवी, हे मात्र आता पटलं. मी ती शेवटी घालत होतो.

सरळ हिशोब:
"मापदंड" हा शब्द किती जणांना कळेल? मला अजून वाटतं आकडा दिला की आकडाच लक्षात राहतो, पुढचे तीन शब्द नाही.

नदीकाठ:
माझं शेत दहा वर्षांपूर्वी अनुदानावरच ठिबक केलेलं. नळ्या गेल्या सगळ्या. मी परत पात्र आहे का? पोस्टमध्ये यावर एक अक्षर नाही.

गटकृषी:
त्याच क्षेत्रावर सात वर्षांनी परत लाभ घेता येतो, त्यामुळे अर्ज करा. एकूण मर्यादा पाच हेक्टरची. तुमच्यासारखे गावात बरेच असतील, बांधावरचा, ही ओळ घालाच.

बांधावरचा:
बदललेली पोस्ट अशी:
"ठिबक अनुदान. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका. शेवटची तारीख नाही, आधी अर्ज त्याला आधी. पूर्वसंमतीनंतर 30 दिवसांत बसवून बिल टाका. फार्मर आयडीत सगळे गट आहेत का, विहीर-बोअरची नोंद आहे का, सामाईक असेल तर संमतीपत्र आहे का, ते आजच बघा. सात वर्षांपूर्वी घेतलेल्यांनाही परत मिळतं. अनुदान 75 ते 80 टक्के, पण बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या खर्चावर."
टक्केवारी ठेवली आहे. सरळ हिशोब यांना चालणार नाही, माहीत आहे.

सरळ हिशोब:
नाहीच चालणार. निदान त्याखाली 1,30,000च्या बिलाचं उदाहरण टाका. आणि संमतीपत्राचं सांगा कुणीतरी: सामाईक गटातला भाऊ परगावी असेल आणि सही द्यायला तयार नसेल, तर आमच्याकडे आजवर वाटणी करून फोड करण्याखेरीज दुसरा मार्ग निघालेला नाही. तुमच्या तालुक्यात काय करतात?