भुर्जी रबरासारखी का होते?

>> "भुर्जीला खाली पाणी सुटतं आणि गोळे रबरासारखे होतात. दूध घालून बघू का?"

दुधाने काही होणार नाही, दोष आचेचा आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांना घट्ट व्हायला लागतो, पिवळा 65 ते 70 च्या दरम्यान. त्याच्या फार पुढे गेलं की प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून रबर आणि पाणी दोन्ही एकदमच दिसतात. (टोमॅटो कच्चा राहिला असेल तर त्याचंही पाणी असतं, तो तेल सुटेपर्यंत परतायचा.)

आमच्याकडे खानापुरात बिडाचा तवा. चार अंडी करायची तर कांदा-टोमॅटो झाल्यावर मी तवा खाली उतरवून मिनिटभर ठेवते, गॅस अगदी बारीक करते आणि मगच तवा परत चढवते. अंड्याचा एक थेंब टाकून बघायचा. चर्र वाजून फुगे आले तर तवा अजून तापलेला आहे. आवाज न करता हळूच पांढरा पडला की मीठ घालून फेटलेली अंडी ओतायची. लाकडी उलथन्याने कडेचं मधे ओढत राहायचं, खरवडायचं नाही. भराभरा ढवळलंत तर मऊ गोळे न होता बारीक चुरा होतो. वरून ओलसर चकाकी असतानाच गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा. बीड उष्णता धरून ठेवतं, तव्यातच राहिली तर पाव भाजेपर्यंत कोरडी. माझी कितीदा तिथेच बिघडली, आणि बोलणी बिचाऱ्या अंडीवाल्याने खाल्ली!