विषय: वहिनीची गाठ, थांबावं का?

वर्षा: अमळनेरची माझी वहिनी 38 वर्षांची. पाळीच्या आधी आठवडाभर तिची छाती दोन्हीकडे जड होते, दुखते, हाताला गाठी गाठी लागतात. पाळी आली की ओसरतं. या वेळी डावीकडे थोडं राहिलंय म्हणते. आजीचं म्हणणं, "दुखस ना, मंग कॅन्सर नही." जळगावला जायचं तर दादाचा खाडा होतो, म्हणून वहिनी पुढच्या पाळीपर्यंत थांबणार आहे.

सुनीलकाका: छातीत दुखणं अंगावर काढू नये. आधी ईसीजी.

अविनाश: काका, विषय वेगळा आहे! आजी बरोबर बोलतात, कॅन्सरची गाठ दुखत नाही. माझ्या बायकोने कॉफी सोडली, तिचं थांबलं.

मीना (स्तनांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे): अविनाशदादा, बहुतेक दुखत नाहीत, पण काही दुखतात. त्यामुळे दुखण्यावरून गाठ निर्धोक ठरवता येत नाही. कॉफीने काहींना बरं वाटतं, पण त्याने गाठीचा उलगडा होत नाही.

वर्षा, पाळीआधी हार्मोन्समुळे स्तन सुजतात, म्हणून त्या दिवसांत चाचपलं तर सगळंच गाठाळ लागतं. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरून सातव्या ते दहाव्या दिवसात बघायला सांग, तेव्हा ते सर्वांत मऊ असतात. आडवं पडून, त्या बाजूचा हात डोक्याखाली घेऊन, बोटांच्या टोकांनी नाही तर पेरांच्या सपाट भागाने, काखेपर्यंत.

शैलाताई: माझी पाळी जाऊन वर्षं झाली. मी कुठून मोजू?

मीना: महिन्याची एक तारीख ठरवा ताई. पाळी गेल्यावर नवी गाठ लागली तर मात्र वाट बघायचीच नाही.

वर्षा: आज वहिनीचा नववा दिवस. उजवीकडे सगळं मऊ. डावीकडे काखेच्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी अजून आहे, बोटाखाली सरकतं. दुखत नाही.

मीना: मग थांबू नये. सरकणारी गाठ बऱ्याचदा साधी निघते, पण हाताने ते ठरत नाही. या वयात सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी दोन्ही करतात. फोटो स्वच्छ आला तरी गाठ हाताला लागतेय तोवर विषय संपत नाही, सुईने तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, नव्याने आत ओढलेलं बोंड, बोंडातून आपोआप रक्त, एकाच बोंडावर न जाणारी खरूज, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर याच आठवड्यात.

वर्षा: यातलं काही नाही. पण सासूबाई म्हणतात, सुई टोचली की गाठ पसरते.

मीना: सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही. हवं तर माझं त्यांच्याशी बोलणं करून दे.

वर्षा: सोमवारी न्यायला दादा तयार आहे. सुईचं अजून घरात ठरलेलं नाही.