मदत हवी आहे: निकालाच्या प्रेसनोटची छोटी बातमी, डेस्क परत पाठवतंय

पिंपळपार
नमस्कार मंडळी, जरा घाई आहे. शाळेची निकालाची प्रेसनोट आली, तिची बातमी करून पाठवली. डेस्कवरून उत्तर आलं, "ही बातमी नाही, अभिनंदनपत्र आहे." विशेषणं काढली होती, निम्मे शब्द उडवले होते. आता आणखी काय काढू? कुणाकडे नमुना असेल तर टाका. संध्याकाळी पान लागायच्या आत द्यायची आहे.

दोन_कॉलम
दहावी की बारावी? किती शब्द मागितलेत? प्रेसनोट इथे टाका, नावं झाकून. न बघता काय सांगणार?

तात्या_वार्ताहर
भाऊ, एक लक्षात ठेव. काहीही काप, पण संस्थेच्या अध्यक्षांचं नाव कापू नकोस. पंधरा ऑगस्टची जाहिरात त्यांच्याकडूनच येते. डेस्कवाल्यांना तालुक्यात फिरावं लागत नाही.

पिंपळपार
भाऊ नाही, ताई. दहावी, आपलं राज्य मंडळ. सत्तर-ऐंशी शब्द, सिंगल कॉलम. मूळ मजकूर (अभिनंदन करणाऱ्यांची बारा नावं मी इथेच गाळली आहेत):

"ज्ञानदानाचे अखंड व्रत जोपासणाऱ्या आमच्या विद्यालयाने उज्ज्वल यशाची परंपरा कायम राखत यंदाही इयत्ता दहावीचा निकाल शंभर टक्के लावला आहे. परीक्षेस एकूण ८१ विद्यार्थी प्रविष्ट झाले होते. त्यापैकी विशेष प्रावीण्यासह ३१, प्रथम श्रेणीत २९, द्वितीय श्रेणीत १४ व उत्तीर्ण श्रेणीत ५ विद्यार्थी आहेत. कु. अ हिने ९७.२० टक्के गुण मिळवून विद्यालयात व तालुक्यात प्रथम येण्याचा बहुमान मिळवला. चि. ब याने ९६.६७ टक्के गुणांसह द्वितीय, तर कु. क हिने ९५.८० टक्के गुणांसह तृतीय क्रमांक पटकावला. यशस्वी विद्यार्थ्यांवर सर्व स्तरांतून कौतुकाचा वर्षाव होत आहे."

आईची_काळजी
माझ्या मुलाला विज्ञानात अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडलेत. शाळा म्हणते फेरतपासणीला टाका. पुनर्मूल्यांकन थेट मागता येतं का? की आधी काही करावं लागतं?

कागदी_बाण
ताई, हा धागा बातमी लिहिण्याचा आहे. पण आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, ती हातात आल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तो मंडळाच्या संकेतस्थळावर. मुदत कमी असते, आजच बघा.

गणिताचा_तास
पिंपळपार, शब्द राहू द्या, आधी बेरीज करा. ३१ आणि २९ साठ, त्यात १४ आणि ५ मिळवले की ७९. बसले ८१. मग निकाल ९७.५३ टक्के झाला, शंभर कुठला? शाळा सरळ खोटं छापायला सांगते आहे. हाच तुमचा मथळा.

तात्या_वार्ताहर
झालं! आता गावातल्या शाळेला खोटारडी ठरवा. मग पुढच्या वर्षी निकाल मागायला कुणाच्या दारात जाणार?

दोन_कॉलम
गणितकाका, बेरीज बरोबर आहे, निष्कर्षाची घाई झाली. ते दोघं कोण हे अजून माहीत नाही. मंडळ नियमित विद्यार्थी आणि पुनर्परीक्षार्थी यांचा निकाल वेगळा देतं. पुष्कळ शाळा शंभर टक्के म्हणतात तेव्हा मनात फक्त नियमित मुलं असतात, आणि प्रेसनोट लिहिणारे सर एकूण आकडा दुसऱ्याच कागदावरून उचलतात. दोघांचा निकाल राखीव असेल, तर तेही समजायला हवं. ताई, मुख्याध्यापकांना नको, निकालाचं काम बघणाऱ्या लिपिकांना फोन करा. मंडळाच्या शाळा-लॉगिनमधून एकत्रित निकाल निघतो, त्याचा फोटो मागा.

आणि दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. ९६.६७ हा आकडा मला खटकतोय.

पिंपळपार
काय खटकतंय? ९७.२० पेक्षा कमी आहे, म्हणजे दुसरा. बरोबरच आहे ना.

दोन_कॉलम
दहावीला सहा विषय, सहाशे गुण. पण टक्केवारी काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात, म्हणजे पाचशेपैकी. पाचशेपैकी एक गुण वाढला की टक्केवारी ०.२० ने सरकते. त्यामुळे दशांशानंतर ००, २०, ४०, ६० किंवा ८० एवढंच येऊ शकतं. कला-क्रीडेचे वाढीव गुण धरले तरी ते पूर्णांकातच मिळतात, म्हणून यात फरक पडत नाही. ९७.२० आणि ९५.८० जमतात. ९६.६७ पाचशेतून येतच नाही. सहाशेतून येतं: ५८० भागिले ६००.

म्हणजे मुलीची टक्केवारी पाच विषयांची आणि मुलाची सहा विषयांची. सहावा, सर्वांत कमी गुणांचा विषय वगळला की मुलाचे टक्के वाढणार. त्या विषयात ९३ किंवा त्याहून कमी असतील, तर तो मुलीच्या पुढे जातो. त्याची गुणपत्रिका बघितल्याशिवाय "प्रथम" लिहू नका.

गणिताचा_तास
हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं. मान्य. शाळेच्या फळ्यावर अशी सरमिसळ सर्रास असते, एका तुकडीचे सर सहाशेतून काढतात, दुसरीचे पाचशेतून.

कागदी_बाण
प्रेसनोट कुठल्या फॉन्टमध्ये आली होती? श्रीलिपी किंवा कृतीदेवमधून युनिकोडमध्ये घेताना आकडे बदलतात. माझ्याकडे एकदा रफार सगळे उडाले होते आणि आडनावांची वाट लागली होती. आधी मूळ पीडीएफशी ताडून बघा.

पिंपळपार
व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्येच आली आहे. फॉन्टचा प्रश्न नाही. फोन करते.

तात्या_वार्ताहर
तोवर मी सांगतो, बातमी कशी लिहायची. पहिली ओळ शाळेच्या नावाची, दुसरी निकालाची, तिसरी पहिल्या तिघांची, शेवटी अध्यक्ष आणि मुख्याध्यापक. पालक पेपर विकत घेतात ते मुलांच्या नावासाठी. नावं जितकी जास्त, तितके अंक जास्त. हे डेस्कला कळत नाही.

दोन_कॉलम
तात्या, मुलांच्या नावांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ती हवीतच. अध्यक्षांनी अभिनंदन केलं ही मात्र बातमी नाही, ते करणारच. त्यांनी अभिनंदन केलं नसतं तर पहिल्या पानावर घेतलं असतं.

तात्या_वार्ताहर
हसून घ्या. जाहिरातीचं कमिशन तुमच्या पगारात नसतं, आमच्या असतं.

दोन_कॉलम
ते खरं आहे, नाकारत नाही. पण त्यासाठी जाहिरात विभाग अभिनंदनाची चौकट विकतो. बारा नावं तिथे जाऊ द्या, पैसेही मिळतील. बातमीच्या सत्तर शब्दांत नकोत.

पिंपळपार
बोलणं झालं. ८१ पैकी दोघं पुनर्परीक्षार्थी, दोघंही राहिले. नियमित ७९, सगळे पास. लिपिकांनी एकत्रित निकालाचा फोटो पाठवला, त्यातही हेच आहे.

मुलाचे सहा विषयांचे ५८०. सर्वांत कमी ९४, सामाजिक शास्त्रांत. म्हणजे उरलेले ४८६. आणि मुलीचे पाचशेपैकी किती, तर ४८६!

दोघांनाही ९७.२०. मुख्याध्यापक म्हणाले, "आता फलक रंगवून झालाय, मुलीचा सत्कारही झाला, तुम्ही प्रेसनोटप्रमाणेच द्या." काय करू?

गणिताचा_तास
मग सहाही विषयांची बेरीज करा. मुलीचे एकूण ५८० पेक्षा जास्त असतील तर ती पहिली. सरळ न्याय आहे.

दोन_कॉलम
तो न्याय तुमचा. मंडळ शाळेत कोण पहिला हे ठरवत नाही, गुणवत्ता यादी तर केव्हाच बंद झाली. गुणपत्रिकेवर दोघांचे ९७.२० आहेत, तेवढंच छापा. "प्रथम" हा शब्द शाळेच्या फलकावर राहू दे. नावं कोणत्या क्रमाने द्यायची? आडनावाच्या अकारविल्हे द्या, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल.

"तालुक्यात प्रथम" तर काढूनच टाका. शेजारच्या शाळेतल्या मुलांचे गुण या शाळेला कसे कळले? निकालाच्या दिवशी माझ्याकडे एकाच तालुक्यातून तीन-तीन "तालुक्यात प्रथम" येतात.

तात्या_वार्ताहर
हे मात्र खरं. एकदा दोन शाळांचे फलक समोरासमोरच लागले होते.

पिंपळपार
लिहिलं. बघा:

"दहावीच्या परीक्षेत येथील (शाळेचे नाव) विद्यालयाचे नियमित ७९ विद्यार्थी उत्तीर्ण झाले असून, त्यांचा निकाल १०० टक्के लागला आहे. कु. अ आणि चि. ब यांना प्रत्येकी ९७.२० टक्के, तर कु. क हिला ९५.८० टक्के गुण मिळाले. ३१ विद्यार्थ्यांनी विशेष प्रावीण्य मिळवले. २९ विद्यार्थी प्रथम, १४ द्वितीय आणि पाच उत्तीर्ण श्रेणीत आले. शाळेतून दोन पुनर्परीक्षार्थीही परीक्षेला बसले होते. ते अनुत्तीर्ण झाले."

दोन_कॉलम
चांगली झाली. "येथील" मात्र डेटलाइनवर गाव असेल तरच ठेवा, नाहीतर गावाचं नाव घाला. आणि पहिल्या वाक्यात निकाल आधी, शाळा नंतर, असं करून बघा: "नियमित ७९ पैकी ७९ विद्यार्थी उत्तीर्ण" हे डोळ्यात भरतं. मथळ्यात नुसतं "१०० टक्के" नको, "नियमित विद्यार्थ्यांचा" हे शब्द लागतीलच.

कागदी_बाण
शेवटची दोन वाक्यं नकोत. छोटं गाव आहे. दोघं कोण, हे सगळ्यांना कळणार. पोरांची नावं नसली तरी छापल्यासारखीच झाली.

गणिताचा_तास
मग ८१ चा आकडा लपवायचा? तेही बरोबर नाही. शाळेने केलं तेच आपण करायचं?

दोन_कॉलम
"नियमित ७९" लिहिलं की काही लपत नाही, कारण बातमी कुणाबद्दल आहे ते पहिल्याच ओळीत सांगितलं. पुनर्परीक्षार्थी पाच-पन्नास असते तर त्यांचा आकडा दिलाच असता. दोनच आहेत. मी वगळलं असतं. पण आमच्याच डेस्कवर दुसऱ्या पाळीतले सहकारी ते ठेवतील, त्यांच्याशी माझा यावरून वाद झालेला आहे.

तात्या_वार्ताहर
मी पण वगळीन. अध्यक्षांचं बघा काही जमतंय का.

पिंपळपार
शेवटची दोन वाक्यं काढून पाठवली, अध्यक्षांशिवाय. डेस्कवरून फक्त विचारलं, "मुलाच्या आडनावात ळ की ल?" प्रेसनोटमध्ये एका ठिकाणी ळ आहे, दुसऱ्या ठिकाणी ल. गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग, त्यात दोन्ही सारखंच दिसतं. शाळेचा फोन आता कुणी उचलत नाही.

आईची_काळजी
छायाप्रतीचा अर्ज भरला. धन्यवाद. आणि ताई, आडनाव मुलाच्या आईलाच विचारा, लिपिकांना नको.